मातीला जायचं भाडं

जयपूरहून पुण्याला विमानाने यायचं भाडं किती, या साध्या प्रश्नाला साधं उत्तर नाही. एसटीच्या खिडकीवर असा प्रश्न विचारला तर आतला माणूस आकडा सांगतो. विमानाच्या बाबतीत आकड्याआधी उलट प्रश्न येतो : कधी जायचंय? त्याहून महत्त्वाचा दुसरा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नाही, पण हिशेबात तोच धरलेला असतो : तुम्ही हे आज का विचारताय, महिन्यापूर्वी का नाही विचारलंत? उशिरा विचारणाऱ्याकडे पैसे आहेत असं विमान कंपनीचं गणित गृहीत धरतं. माझं भांडण भाव बदलण्याशी नाही. ते या एका गृहीतकाशी आहे.

हे आधीच स्पष्ट करतो, कारण या विषयावर बोलायला लागलं की समोरचा माणूस लगेच बाजाराची आठवण करून देतो. जयपूरचंच उदाहरण देतात. बापू बाजारात जा, एकच मोजडी एकाला सहाशेला आणि दुसऱ्याला चारशेला मिळते. दुकानदार गिऱ्हाइकाचे कपडे, भाषा, घाई सगळं बघून भाव सांगतो. मग विमानवाल्यांनी यंत्र लावून तेच केलं तर बिघडलं कुठे? बिघडलं ते असं, की घासाघीस दोघांत होते. दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा वाचतो, गिऱ्हाईकही दुकानदाराचा वाचतं. ते पाठ फिरवून दोन पावलं चालतं आणि मागून हाक येते. शेजारी त्याच मोजड्यांची दहा दुकानं असतात. विमानाच्या पडद्यावर यातलं काही नाही. तिथे घासाघीस होते, पण ती एकाच बाजूने होते. आपण पाठ फिरवली तर मागून हाक येत नाही. उलट परत आलो तर भाव वाढलेला असतो.

हॉटेलांशीही माझं फारसं भांडण नाही. जानेवारीत जयपूरला साहित्य महोत्सव भरतो. २००६ पासून तो डिग्गी पॅलेसमध्ये व्हायचा, २०२२ पासून क्लार्क्स आमेर हॉटेलात होतो. त्या दिवसांत आसपासच्या खोल्यांचे भाव चढतात आणि आपल्यातले काही जण दरवर्षी त्यावर हळहळतात. मला ही हळहळ खोटी वाटते. महोत्सवाच्या तारखा आधीपासून ठाऊक असतात. जाणं न जाणं आपल्या हातात असतं. लांबच्या धर्मशाळेत उतरता येतं. आणि मे महिन्यात, गुलाबी भिंती तव्यासारख्या तापलेल्या असताना, तीच खोली हॉटेलवाला पडत्या भावाने देतो त्याबद्दल आपण कधी हळहळत नाही. हौसेच्या गोष्टीचा भाव हौसेप्रमाणे चढावा-उतरावा, यात अन्याय शोधायला मी जाणार नाही. प्रश्न येतो तो हौस नसते तिथे.

त्यासाठी विमानाचं भाडं ठरतं कसं ते नीट पाहायला हवं. बहुतेकांची समजूत अशी, की एखादं यंत्र क्षणाक्षणाला नवा आकडा काढतं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी आकडे आधीच ठरलेले असतात. एकाच विमानातल्या, एकसारख्याच खुर्च्यांसाठी कंपनी भाड्याच्या दहा-पंधरा पायऱ्या आखून ठेवते आणि प्रत्येक पायरीला इंग्रजी वर्णमालेतलं एकेक अक्षर देते. खालच्या पायरीवरच्या जागा संपल्या, किंवा कंपनीनेच ती पायरी बंद केली, की पडद्यावर वरची पायरी दिसते. म्हणजे बदलतो तो भाव नव्हे, तर कुठली पायरी उघडी आहे ते. दोनदा शोधलं म्हणून भाव वाढला, आपल्यावर पाळत आहे, असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मधल्या मिनिटांत खालची पायरी भरलेली असते, इतकंच. याची खूण घरबसल्या पाहता येते. चार जणांची तिकिटं एकदम शोधा, मग तीन जणांची शोधा. खालच्या पायरीवर तीनच जागा उरल्या असतील तर पहिल्या वेळी चौघांनाही वरच्या पायरीचं भाडं दिसतं आणि दुसऱ्या वेळी तिघांना खालचं. टॅक्सीच्या अ‍ॅपबद्दल मात्र मी इतकी खात्री देणार नाही. आयफोन आणि अँड्रॉइड फोनवर एकाच फेरीचे वेगळे भाव दिसतात, या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये ओला आणि उबरला नोटिसा काढल्या होत्या. कंपन्यांनी आरोप नाकारला.

आता मुख्य प्रश्न : स्वस्त पायरी बंद कधी करायची? याचं उत्तर १९७२ साली बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी दिलं. त्यांचा नियम अजूनही या सगळ्या शास्त्राचा पाया आहे आणि तो समजायला पाचवीचं गणित पुरतं.

जयपूर–पुणे विमानात १८० जागा आहेत असं धरू. सोयीसाठी दोनच भाडी धरू, आधी काढणाऱ्याला ५,००० आणि शेवटच्या दोन दिवसांत येणाऱ्याला १५,०००. आज कुणी ५,००० घेऊन आलाय. त्याला जागा द्यायची, की १५,००० वाल्यासाठी ती राखून ठेवायची? राखली आणि तो आलाच नाही तर खुर्ची रिकामी उडेल. लिटलवुड म्हणतात, शक्यता बघा. १५,००० वाला येण्याची शक्यता तीनात एक असेल तर त्या राखलेल्या खुर्चीची सरासरी किंमत बरोबर ५,००० होते. शक्यता त्याहून जास्त असेल तर राखा, कमी असेल तर आत्ताच विकून टाका. समजा मागच्या अनुभवावरून कंपनीला असं दिसतं, की शेवटच्या दोन दिवसांत निदान ३५ जण येण्याची शक्यता १०० त ४२ आहे, निदान ४० जणांची ३३, आणि निदान ४५ जणांची २५. तर चाळीस जागा राखायच्या आणि १४० स्वस्तात विकायच्या. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, पण कृती खरी आहे. खऱ्या कंपन्या दोनाऐवजी पंधरा पायऱ्यांवर हेच करतात, रोज करतात, आणि अंदाज बांधायला त्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या नोंदी असतात.

या गणितात एक गोष्ट आहे आणि एक नाही. आहे ती शेवटच्या क्षणी कुणीतरी इतके पैसे देईल याची शक्यता. नाही ते, तो का देईल याचं कारण.

कारण लागत नव्हतं, कारण ज्या देशात हे शास्त्र वाढलं तिथे त्याचं उत्तर ठरलेलं होतं. अमेरिकेत १९७८ साली भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि पीपल एक्सप्रेससारख्या स्वस्त कंपन्यांनी जुन्यांना घाम फोडला. अमेरिकन एअरलाइन्सचे रॉबर्ट क्रँडल यांनी जानेवारी १९८५ मध्ये प्रतिस्पर्ध्याइतकी स्वस्त तिकिटं काढली, पण सगळ्यांना नाही. तिकीट बरेच दिवस आधी काढायला हवं, अशा अटी घातल्या. स्वस्त तिकिटांना शनिवारची रात्र बाहेर काढण्याची अट असे, तीही याच जातीची. कामासाठी फिरणारा मोठ्या कंपनीचा माणूस आयत्या वेळी तिकीट काढतो, शनिवारी त्याला घरी परतायचं असतं, आणि तिकिटाचे पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत. या अटींनी तो अलगद वेगळा निघाला आणि त्याच्याकडून पुरे पैसे घेता आले. मुलाबाळांसह सुट्टीला निघालेलं कुटुंब स्वस्तात गेलं. पीपल एक्सप्रेस १९८७ पर्यंत नाहीशी झाली. या शास्त्राच्या भाषेत अशा अटींना कुंपण म्हणतात. शेताला घालतो तसं, मेंढरं वेगळी आणि बैल वेगळे करायला. तिथे आणि तेव्हा ते कुंपण बऱ्यापैकी न्याय्य होतं, हे कबूल करायला हवं. उशिरा येणारा खरोखरच श्रीमंत होता, निदान त्याची कंपनी तरी.

ते कुंपण जसंच्या तसं उचलून आपल्याकडे रोवलं. इथे त्याच्या पलीकडे कोण उभं आहे?

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी भागातून बाहेर पडलेली गलाई कामगार माणसं देशभरच्या सराफ बाजारांत आहेत. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायची, कस पाहायचा, हे त्यांचं काम. भट्टीशेजारी बसून पिढी घालवलेली ही माणसं. असाच एक जण जयपूरच्या जोहरी बाजाराच्या मागच्या गल्लीत काम करतो असं समजा. रात्री अकराला विट्याजवळच्या गावातून फोन येतो, आप्पा गेले. उद्या संध्याकाळपर्यंत थांबू, तोवर ये. माती त्याने द्यायची आहे, थोरला तो आहे. रेल्वेने निघालं तर पुण्यापर्यंतच जवळजवळ एक दिवस जातो. पुढे विट्यापर्यंत रस्ता. म्हणजे विमानच. तो फोनवर भाडं बघतो. यंत्राच्या लेखी तो आणि क्रँडल यांचा व्यापारी प्रवासी यांत काडीचा फरक नाही. दोघंही उद्याचं तिकीट आज मागतायत. दोघंही कुठल्याही भावाला हो म्हणतील. यंत्राला हो ऐकू येतं, आवाज ऐकू येत नाही.

एखाद्या वस्तूसाठी जो जास्त पैसे देतो त्याला ती जास्त हवी आहे, असं अर्थशास्त्राची पुस्तकं सांगतात. इथे ते साफ खोटं ठरतं. व्यापारी प्रवाशासाठी पंधरा हजार म्हणजे कंपनीच्या हिशेबातली एक पावती. गलाईवाल्यासाठी ते उसने पैसे. तो देतो, कारण बाप एकदाच मरतो. न परवडणारा भाव दिला म्हणून त्याला परवडलं असं कुणी लिहिलं, तर ते त्या माणसाच्या अडचणीला श्रीमंती म्हणणं झालं.

यावर एक उत्तर येतं आणि ते वजनदार आहे. भाव चढला की पुरवठा वाढतो, म्हणून चढा भावही कामाचा. टॅक्सीच्या बाबतीत यात तथ्य आहे. पावसात जयपूरच्या एमआय रोडवर भाडं दीडपट झालं, तर घरी निघालेला एखादा चालक परत गाडी फिरवतो आणि भिजणाऱ्या कुणाला तरी गाडी मिळते. केंद्राने जुलै २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत वाढ मान्य केली. त्या वाढीतलं चालकाच्या हाती किती पडतं यावर भांडता येईल, पण निदान तर्क तरी उभा राहतो. विमानाच्या बाबतीत तो कोसळतो. उद्याच्या फेरीचं भाडं आज रात्री तिप्पट केलं म्हणून उद्या सकाळी १८१ वी खुर्ची उगवत नाही. वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी ठरलेलं असतं, विमानं आणि वैमानिक मोजलेले असतात. शेवटच्या दोन दिवसांतला चढा भाव पुरवठा वाढवत नाही. तो फक्त ठरवतो, की आहे त्या खुर्चीवर कुणी बसायचं आणि त्याच्या खिशातून किती काढायचं.

आणि ज्याने टंचाई निर्माण केली त्याच्याच धंद्याला टंचाईचा भाव मिळायला लागला तर? डिसेंबर २०२५ मध्ये ते आपण पाहिलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू होणार ही तारीख, १ नोव्हेंबर, आधीपासून जाहीर होती. देशातले साधारण दोन तृतीयांश प्रवासी नेणाऱ्या इंडिगोने त्यासाठी पुरेसे वैमानिक तयार ठेवले नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्या फेऱ्या कोसळल्या, ५ तारखेला एका दिवसात हजाराहून अधिक रद्द झाल्या. मग उरलेल्या विमानांच्या भाड्याचं काय झालं असेल ते लिटलवुडच्या नियमावरून कुणालाही काढता येईल. १५,००० देणारे येण्याची शक्यता जवळजवळ शंभरात शंभर झाली. यंत्रांनी स्वस्त पायऱ्या धडाधड बंद केल्या. कुठल्या कंपनीतल्या कुणी माणसाने बसून दुष्टपणा करायची गरज नव्हती. यंत्र नेहमीचंच काम करत होतं. त्याच्या लेखी लग्नसराई आणि आपत्ती या दोन्ही म्हणजे मागणीतली वाढ.

६ डिसेंबरला सरकारने कमाल भाडं ठरवलं. ५०० कि.मी.पर्यंत ७,५००, १,००० कि.मी.पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००, कर आणि विमानतळ शुल्क वेगळं. जयपूर–पुणे हवाई अंतर साधारण साडेनऊशे कि.मी., म्हणजे आपला गलाईवाला १२,००० च्या खान्यात. त्या आठवड्यात त्याला निदान वरचा आकडा ठाऊक असता.

भाड्यावर कमाल मर्यादा घातली की स्वस्त तिकिटं संपतात, अशी भीती घातली जाते. म्हणून वरचंच उदाहरण परत घेऊ. वरचं भाडं १५,००० ऐवजी १२,००० केलं. आता ५,००० चं तिकीट आत्ता विकावं की जागा राखावी याचा निकष तीनात एक न राहता बारात पाच होतो, म्हणजे १०० त साधारण ४२. आपल्या अंदाजात ४२ ची शक्यता ३५ जणांपाशी होती. म्हणजे कंपनीने आता चाळीसऐवजी ३५ जागा राखायच्या. पाच जास्तीच्या खुर्च्या ५,००० ला सुटल्या. उलट वरचं भाडं २०,००० करून पाहा. निकष चारात एक होतो, ४५ जागा राखाव्या लागतात आणि पाच स्वस्त तिकिटं गायब होतात. वरची पायरी जितकी उंच, तितकी खालची पायरी लवकर बंद. महाग तिकीटवाला स्वस्त तिकीटवाल्याला पोसतो, असं आपल्याला ऐकवतात ते अर्धंच खरं आहे. तो पोसतो, आणि त्याची वाट पाहत कंपनी स्वस्तवाल्याला दारातून परतही पाठवते.

हे गणित मी ताणणार नाही. वरचं भाडं उतरलं तर उशिरा येणारेही थोडे वाढतील आणि अंदाजच बदलेल. कायमची मर्यादा आली तर कंपनी खालची पायरी पाच हजारांवरून साडेपाचवर नेईल हेही शक्य आहे. मर्यादा फार खाली आणली तर फेरीच बंद होईल. किंगफिशर, जेट, गो फर्स्ट यांच्या गतीला गेलेल्या धंद्यात हा धोका खोटा नाही. पण साडेपाच हजारांचा भार १४० जणांवर पसरतो आणि त्यांच्याकडे जावं की न जावं, आज की पुढच्या आठवड्यात, याचा विचार करायला वेळ असतो. पंधरा हजारांचा भार ज्याच्यावर पडतो त्याच्याकडे एक रात्र असते.

सरकारला अधिकार नाही असंही नाही. १९९४ साली हवाई वाहतुकीवरची सरकारी मक्तेदारी गेली आणि भाडी कंपन्यांवर सोपवली गेली, तरी विमान नियमावली १९३७ च्या १३५ व्या नियमात वाजवी नफा हे शब्द आहेत. भाडं अवास्तव असेल किंवा मोजक्या कंपन्या मिळून बाजार वाकवत असतील तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला निर्देश देता येतात. अंमलबजावणी कशी होते ते संसदेतल्या उत्तरांत वाचावं. कंपनीने आकारलेलं भाडं, तिनेच ठरवून तिच्याच संकेतस्थळावर जाहीर केलेल्या पट्ट्याच्या आत असेल, तर तिने नियम पाळला, असं तिथे पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं आहे. ज्याची माप तपासायची त्यालाच माप बनवायला सांगायचं, असा हा कारभार. त्यासाठी २०१० पासून स्वतंत्र कक्षही आहे. तो निवडक मार्गांवरची भाडी तपासतो आणि ती पट्ट्यात असल्याचं त्याला आढळतं. न आढळून सांगतो कुणाला?

मग सरकार जागं होतं ते आरडाओरडा झाल्यावर. जानेवारी २०२५ मध्ये महाकुंभाला प्रयागराजची भाडी चढली तेव्हा कंपन्यांना समज दिली. एप्रिलमध्ये पहलगाम झालं तेव्हा श्रीनगरच्या भाड्यांबद्दल समज दिली. डिसेंबरात मर्यादा घातली. हजारो लोक एकदम अडले की ती आपत्ती ठरते आणि वर्तमानपत्रांत येते. एकेकटा माणूस एकेका रात्री अडतो त्याची आपत्ती मोजायला कक्ष नाही.

रेल्वेने याच विषयात उघडपणे हात पोळून घेतलेत, आणि म्हणूनच तिचं उदाहरण उपयोगी आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, दुरांतो, शताब्दी गाड्यांना चढतं भाडं लावलं. दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी वर, कमाल दीडपट. मूळ भाडं १,००० धरलं तर पहिल्या दहा टक्के जागांना १,०००, पुढच्या दहा टक्क्यांना १,१००, असं चढत शेवटच्या निम्म्या गाडीला १,५००. योजना ढोबळ होती. जागा रिकाम्या राहिल्या तरी भाव खाली यायची सोय मूळ आखणीत नव्हती, आणि वरच्या वर्गांत भाडं विमानाच्या जवळ गेल्यावर लोक विमानाकडे वळले. महालेखापरीक्षकांनी त्यावर ताशेरे ओढले, मग काही गाड्यांतून ती काढली, कमाल दीडपटीवरून १.४ पट केली. पण तिच्यात एक गुण होता जो कुठल्याच विमान कंपनीत नाही. नियम छापलेला होता. वरची पायरी कुठे थांबते ते फलाटावरच्या हमालालाही सांगता येत होतं, आणि किती जागा कुठल्या भावाला गेल्या हे महालेखापरीक्षकांना मोजता आलं. मोजता आलं म्हणून चूक सापडली.

विमान कंपन्यांकडून मला आधी एवढंच हवं आहे. भाड्याच्या पायऱ्या त्या आजही जाहीर करतात. पण प्रत्येक पायरीवर किती खुर्च्या विकल्या ते सांगत नाहीत. पाच हजारांची पायरी जाहीर करून तिच्यावर दोनच खुर्च्या ठेवल्या तरी पट्टा तोच दिसतो. फेरी उडून गेल्यावर महिनाभराने हे आकडे प्रसिद्ध केले तर कुणाचं व्यापारी गुपित फुटणार आहे? सरकारला असा हिशेब मागता येतो हे करोनाच्या काळात दिसलं. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ भाड्यांना खालची-वरची मर्यादा होती आणि सुरुवातीला निदान ४० टक्के जागा त्या पट्ट्याच्या मध्याहून कमी भावाने विकण्याची सक्ती होती. म्हणजे पायरीवर किती माणसं बसवायची हे सांगणारा नियम या देशात चालला आहे.

दुसरी गोष्ट शेवटच्या तीन दिवसांची. मार्गाच्या अंतराप्रमाणे कमाल भाडं, डिसेंबरमध्ये घातलं तसं, पण कायमचं आणि फक्त या तीन दिवसांपुरतं. महिनाभर आधी कंपनीने काय वाटेल ते मागावं, तेव्हा गिऱ्हाइकाला पाठ फिरवता येते. ज्या दिवशी कंपनीने स्वतःच्या चुकीने फेऱ्या रद्द केल्या त्या दिवशी त्या मार्गावर सगळ्यांच्याच पायऱ्या आदल्या दिवशीच्या जागी गोठवाव्यात. यंत्राला आपत्ती ओळखता येत नाही, पण रद्द झालेल्या फेऱ्यांची संख्या नक्की मोजता येते.

कॅनडात एअर कॅनडा जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूसाठी जाणाऱ्याला वेगळं भाडं देते. मला ती वाट पुरेशी वाटत नाही. रात्री अकराला रडणाऱ्या माणसाला कागद दाखवायला लावण्यात एक निराळा अपमान आहे, आणि आपल्याकडे त्या कागदांचा धंदा व्हायला वेळ लागणार नाही. अलायन्स एअर या छोट्या सरकारी कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये काही मार्गांवर वेगळाच प्रयोग केला. त्याचं नाव ‘फेअर से फुर्सत’. तिकीट महिन्यापूर्वी काढा किंवा त्याच दिवशी, भाडं एकच. प्रयोगाची मुदत ठरवली ३१ डिसेंबरपर्यंत. त्याच डिसेंबरात मोठ्या कंपन्यांच्या भाड्यांवर सरकारला हुकूम काढावा लागला. हे दोन कागद एकाच मंत्रालयातून, दोन महिन्यांच्या आत निघाले. ते एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहायला कुणाला सवड झाली का, हे त्या मंत्रालयाला विचारायला हवं.